कॉलेजचा पत्ता सोडताना

पूर्वी पुण्या-मुंबईला शिकायला आलेला मुलगा पदवी हाती घेऊन खोली सोडायचा, तेव्हा त्याच्यापुढे दोनच कामे असत. वळकटी आणि ट्रंक एस. टी.च्या टपावर चढवायची आणि घरमालकीणबाईंना सांगून ठेवायचे, "काकू, माझं काही पत्र आलं तर गावच्या पत्त्यावर पाठवा हं." काकू भल्या असल्या तर पत्त्यावर रेघ मारून, बाजूला नवा पत्ता लिहून, वर्ष-दोन वर्षे पत्रे पुढे पाठवत राहायच्या. मुलाखतीचे बोलावणे असे फिरत फिरत गावी पोचल्याचे आणि त्यावर नोकरी लागल्याचे किस्से घरोघरी सांगितले जात.

आजच्या पदवीधराला आणखी एक खोली सोडावी लागते. ती म्हणजे कॉलेजने दिलेले ई-मेलचे खाते. या खोलीला काकू नाहीत. ठरलेल्या तारखेला दार बंद होते. त्यानंतर आलेले पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते, आणि आत राहिलेले सामान काही दिवसांनी कायमचे नष्ट होते. कोणी रेघ मारून नवा पत्ता लिहीत नाही.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काम करतो. नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडणे आणि गेलेल्यांची बंद करणे हे माझ्या कामांपैकी एक. निकाल लागून दोन-तीन महिने झाले, की आमच्या कक्षात फोन सुरू होतात. कोणाचा प्रकल्पाचा अहवाल आत राहिलेला असतो, कोणाचे चार वर्षांचे फोटो. कधी आई-वडील स्वतः येतात. मुलगा बंगलोरला गेलेला असतो आणि "साहेब, एक दिवसासाठी उघडून द्या" एवढेच त्यांचे म्हणणे असते. काही वेळा देता येते, काही वेळा नाही. ते का, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत असावे म्हणून हा लेख. आपल्याकडील बऱ्याच महाविद्यालयांत ही खाती गूगलची असतात, म्हणून मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. ज्यांच्या कॉलेजात मायक्रोसॉफ्टची खाती आहेत त्यांच्यासाठी बटणांची नावे वेगळी, पण कामाचा क्रम तोच.

पहिला प्रश्न बहुतेक पालक रागानेच विचारतात. चार वर्षे फी भरली, मग एक खाते चालू ठेवायला कॉलेजच्या बापाचे काय जाते? राग समजण्यासारखा आहे, पण उत्तरही ऐकण्यासारखे आहे. एके काळी गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा फुकट देत असे. माजी विद्यार्थ्यांची खाती वर्षानुवर्षे तशीच पडून राहत आणि कोणी विचारत नसे. २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केले की यापुढे एका संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळेल. जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. १०० टीबी म्हणजे ढोबळ हिशेबाने एक लाख जीबी. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून पाच हजार माणसांचे कॉलेज धरा. माणशी २० जीबी आले. दर वर्षी बाराशे मुले बाहेर पडतात असे समजून तीन वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांची खाती चालू ठेवली, तर वाटेकरी ८,६०० होतात आणि माणशी बारा जीबीसुद्धा उरत नाहीत. जास्त जागा हवी तर पैसे मोजावे लागतात. शिवाय कोणी पाहत नसलेले खाते म्हणजे कुलूप नसलेले घर. परवलीचा शब्द एखाद्या भामट्याच्या हाती लागला, तर कॉलेजच्या नावाने तो कोणालाही पत्रे पाठवू शकतो. तेव्हा खाती बंद होणे चूक नाही. ती कशी बंद होतात आणि विद्यार्थ्याला किती आधी कळते, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

दुसरी गोष्ट मालकीची. खात्यावर नाव विद्यार्थ्याचे असले तरी खाते संस्थेचे असते. म्हणूनच आपले जीमेलचे खाते आपण जसे स्वतः काढून टाकू शकतो, तसे कॉलेजचे खाते विद्यार्थ्याला काढता येत नाही. ते काम आमच्यासारख्या व्यवस्थापकाच्या हातात असते. व्यवस्थापक ते दोन प्रकारे करतो. एक म्हणजे खाते स्थगित करणे. यात दाराला कुलूप लागते, सामान आत शाबूत असते, आणि मुलाने विनंती केली तर कुलूप काढता येते. दुसरा प्रकार खाते काढून टाकणे. त्यानंतर २० दिवसांच्या आत व्यवस्थापकाला ते परत आणता येते. ती मुदत उलटली की आतले सगळे गेले. मग प्राचार्यांची चिठ्ठी आणली तरी माझ्याजवळ द्यायला काही नसते. "एक दिवसासाठी उघडून द्या" या विनंतीला कधी होकार मिळतो आणि कधी नकार, त्याचे कारण हे २० दिवस.

आता सामान हलवण्याचा क्रम. बहुतेक मुले आधी फायली उतरवून घेतात आणि काम झाले असे समजतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी किल्ल्या, मग सामान, मग मोजदाद, आणि सगळ्यांत शेवटी झाडलोट. हा क्रम नीट समजावा म्हणून माझ्या भाचीचेच उदाहरण घेतो. ती पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंदा मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडली. ३१ ऑगस्टला खाती बंद होतील असे तिच्या कॉलेजचे पत्र आले, तेव्हा जुलैची सुरुवात होती. म्हणजे हातात आठ आठवडे होते. सवड असल्याने आम्ही दोन रविवार यासाठी काढले.

"मामा, फायली तर पेन ड्राइव्हवर घेऊन झाल्या की," ती म्हणाली. मी तिला विचारले, "तुझं नेमणूकपत्र कुठल्या पत्त्यावर येणार आहे?" ती गप्प झाली. कॅम्पसमधून निवड होते ती शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात. त्या वेळी अर्जावर कॉलेजचाच पत्ता लिहिलेला असतो, किंबहुना कॉलेजचा तसा आग्रहही असतो. रुजू होण्याची तारीख मात्र पुढच्या वर्षी येते, आणि ती लांबतेही. २०२२ साली पदवी घेतलेल्या अनेक मुलांना माहिती तंत्रज्ञानातल्या कंपन्यांनी कित्येक महिने ताटकळत ठेवले होते. अशा काळात कॉलेजचे खाते बंद झाले, तर कंपनीचे पत्र पोचत नाही आणि पोचले नाही हे मुलालाही कळत नाही. फायलीची भरपाई एक वेळ होईल, या पत्राची होणार नाही.

किल्ल्या म्हणजे हेच. कॉलेजच्या पत्त्यावर आपण कुठे कुठे नाव नोंदवले आहे, त्या प्रत्येक ठिकाणी पत्ता बदलायचा. हे आठवून होत नाही. त्यासाठी सोपी युक्ती अशी की कॉलेजच्या मेलमध्ये शोधाच्या चौकटीत welcome, verify आणि password हे तीन शब्द एकेक करून टाकायचे. नाव नोंदवले की प्रत्येक संस्था स्वागताचे किंवा पडताळणीचे पत्र पाठवतेच, त्यामुळे यादी आपोआप समोर येते. त्याच्या जोडीला myaccount.google.com/connections हे पान उघडायचे. कॉलेजच्या खात्याने थेट आत शिरलेली सगळी ॲप्स आणि संकेतस्थळे तिथे दिसतात. भाचीच्या यादीत तेवीस नावे निघाली. त्यातली सोळा विसरून चालण्यासारखी होती. उरलेल्या सातांत कंपनीचे उमेदवारांसाठीचे पान होते, लिंक्डइन होते, एनपीटीईएलचे अभ्यासक्रम होते, आणि दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या आवारातल्या शाखेत उघडलेले बँकेचे खातेही होते. ते ती पार विसरली होती.

हे काम आधी का करायचे, त्याचे कारण यातच आहे. पत्ता बदलायला गेलो, की बरीच संकेतस्थळे खात्री करून घेण्यासाठी जुन्या पत्त्यावरच एक आकडा पाठवतात. जुना पत्ता जिवंत असेल तर पाच मिनिटांचे काम, मेला असेल तर ग्राहक सेवा केंद्राशी पंधरा दिवसांची झटापट. 'गूगलने आत या' असे बटण दाबून जिथे प्रवेश केला असेल, तिथे तर वेगळा परवलीचा शब्दही नसतो. कॉलेजचे खाते हीच तिथली किल्ली. अशा ठिकाणी आत असतानाच आपला खासगी पत्ता जोडायचा, स्वतंत्र परवलीचा शब्द ठरवायचा, मग बाहेर पडून नव्या किल्लीने दार उघडते का ते पाहायचे. भाचीने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दोन ओळींचे पत्र दोन्ही पत्त्यांवरून पाठवले. जुन्या पत्त्यावरून पाठवल्यामुळे ती तीच व्यक्ती आहे याची त्यांना खात्री पटली. चार दिवसांत नोंद बदलल्याचे उत्तर आले.

या आठ आठवड्यांत येणारी पत्रे हरवू नयेत म्हणून आणखी दोन गोष्टी केल्या. जीमेलच्या सेटिंगमध्ये Forwarding and POP/IMAP या भागात जाऊन येणारे प्रत्येक पत्र खासगी पत्त्यावर वळवले, आणि Vacation responder मध्ये 'माझा पत्ता बदलला आहे, नवा पत्ता असा' एवढा मजकूर ठेवला. ही काकूंचीच भूमिका, पण मुदतीपुरती. खाते बंद झाले की वळवणेही थांबते. म्हणून वळवण्यावर विसंबून किल्ल्यांचे काम टाळू नये.

दुसऱ्या रविवारी सामानाकडे वळलो. पहिला प्रश्न जागेचा. खासगी गूगल खात्यात फुकट जागा १५ जीबी मिळते, आणि मेल, ड्राइव्ह, फोटो या तिघांना मिळून ती एवढीच असते. भाचीच्या खासगी खात्यात सहा जीबी भरलेले होते, म्हणजे नऊ जीबी रिकामे. कॉलेजच्या खात्यात होते ३८. ड्राइव्हमधले Storage हे पान उघडले की सगळ्यांत जड फाईल सगळ्यांत वर येते, त्यामुळे हिशेब पटकन लागला. १९ जीबी तासांच्या चित्रफिती होत्या. नऊ जीबी फोटो, तीन जीबी मेल, आणि सात जीबी बाकीच्या फायली.

तासांच्या चित्रफिती तिला सोडवेनात. "पुन्हा कधी लागल्या तर?" मी म्हटले, "चार वर्षांत कितीदा उघडल्यास?" ती हसली. आणि त्या तिच्या नव्हत्याच, शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या होत्या. त्या काढून टाकल्या. सात जीबी फायलींत एकाच यंत्राच्या आराखड्याच्या अकरा आवृत्त्या होत्या. शेवटची आणि परीक्षकांना दाखवलेली अशा दोन ठेवल्या, बाकीच्या गेल्या. त्यातून तीन जीबी सुटले. फोटो वेगळ्या वाटेने न्यायचे ठरवले. आता हलवायचे होते मेल तीन आणि फायली चार, एकूण सात जीबी, आणि जागा होती नऊ. ही निवड आधीच करावी लागते, कारण हलवणाऱ्या यंत्रणेला आपण मेल घे किंवा ड्राइव्ह घे एवढेच सांगू शकतो, अमुक फाईल घे आणि तमुक ठेव असे नाही. काढलेल्या फायली Bin मध्ये ३० दिवस पडून राहतात आणि तोवर जागाही अडवतात, म्हणून तीही रिकामी केली.

हलवण्याची यंत्रणा साधी आहे. कॉलेजच्या खात्यातून takeout.google.com/transfer हे पान उघडायचे. त्यावर Transfer your content असे लिहिलेले असते. तिथे आपला खासगी पत्ता भरून Send code दाबायचे. खासगी मेलमध्ये गूगलचे पत्र येते, त्यातला दुवा उघडला की एक आकडा मिळतो. तो आकडा पहिल्या पानावर भरून Verify करायचे, मेल आणि ड्राइव्ह निवडायचे आणि Start transfer दाबायचे. पुढचे काम यंत्र करते. बहुधा काही तासांत होते, पण आठवडाही लागू शकतो, आणि फायली टप्प्याटप्प्याने येतात. म्हणून शेवटच्या रात्री ही गंमत करू नये. भाचीच्या फायली दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नव्या ड्राइव्हमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये येऊन पडल्या.

काही महाविद्यालयांनी ही सोय बंद ठेवलेली असते. तिथे takeout.google.com या पानावरून सगळे सामान गाठोडे करून उतरवून घेता येते का ते पाहावे. गाठोडे तयार झाल्याचे पत्र येते, आणि उतरवून घ्यायला साधारण आठवड्याची मुदत असते. त्यात मेल एमबॉक्स नावाच्या स्वरूपात येते. ती फाईल दोनदा टिचकी मारून उघडत नाही, तिला थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्राम लागतो. हे माहीत नसल्याने 'मेल बिघडली' म्हणून ती फेकून देणारे मी पाहिले आहेत.

फोटो आणि फोनमधले नंबर या हलवण्यात येत नाहीत. करोनाच्या काळात तास घरूनच होत असत, म्हणून असंख्य मुलांनी कॉलेजचे खाते फोनमध्ये घातले, आणि तेव्हापासून त्या फोनवरचे फोटो मुकाट्याने कॉलेजच्या खात्यात जाऊन साठत राहिले. फोटो गाठोड्याच्या वाटेनेच घरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे लागतात. नंबरांचे आणखी विचित्र. अँड्रॉइड फोनमध्ये नवा नंबर कोणत्या खात्यात जपायचा ते एकदा ठरते, आणि ते खाते कॉलेजचे असेल तर फोनमधून खाते काढताक्षणी ते सगळे नंबर नाहीसे होतात. आत्याचा, गावच्या डॉक्टरांचा, सगळे. त्यावर उपाय म्हणजे contacts.google.com वर जाऊन Export करायचे आणि ती फाईल खासगी खात्यात Import करायची. भाचीचे २१४ नंबर असे हलवले. व्हॉट्सॲपची राखीव प्रत कोणत्या खात्यात जाते तेही तिथल्या Chat backup मध्ये बघून घ्यावे.

आता मोजदाद. माझ्या मते खरी फसगत होते ती इथेच, कारण समोर दिसते ते सगळे आपलेच आहे असे वाटते.

भाचीने पेन ड्राइव्हवर घेतलेल्या फायली मी उघडायला सांगितल्या. आराखडे उघडले, छायाचित्रे उघडली. अहवालाची फाईल मात्र तिच्या लॅपटॉपवर उघडून कॉलेजच्या खात्यातच गेली. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी .gdoc असे होते. अशा फाईलमध्ये मजकूर नसतोच, असतो तो फक्त मूळ जागेचा पत्ता. म्हणजे घराऐवजी घराच्या नावाची पाटी खिशात घालून आणल्यासारखे झाले. गूगल डॉक्समधला मजकूर पेन ड्राइव्हवर न्यायचा असेल तर तो Download मधून वर्ड किंवा पीडीएफच्या रूपात उतरवावा लागतो.

दुसरा पेच त्या अहवालाचाच. प्रकल्प चौघांचा, आणि अहवाल सुरू केला होता तो एका मैत्रिणीने तिच्या कॉलेजच्या खात्यात. म्हणजे मालक ती. तिचे खाते गेले की चौघांचाही अहवाल गेला. बरे, मैत्रिणीने मालकी भाचीच्या खासगी खात्याच्या नावे करावी म्हटले तर तेही जमत नाही, कारण संस्थेच्या खात्यातल्या फाईलची मालकी संस्थेबाहेरच्या खात्याला देता येत नाही. वाट एकच. मैत्रिणीने ती फाईल भाचीच्या खासगी पत्त्याला पाहण्यासाठी खुली केली, भाचीने खासगी खात्यातून उघडून Make a copy केले, आणि ती प्रत तिची झाली. काही संस्थांत बाहेरच्यांना फाईल दाखवण्यावरच बंदी असते, तिथे वर्डची प्रत उतरवून घ्यावी. नव्या प्रतीत कोणी कधी काय बदलले याचा इतिहास येत नाही आणि तिचा दुवाही वेगळा असतो. त्यामुळे नोकरीच्या अर्जात किंवा लिंक्डइनवर जुना दुवा दिलेला असेल तर तो बदलायला हवा. भाचीच्या परिचयपत्रात असे दोन दुवे निघाले.

सामान खरोखर आपल्याकडे आले का, हे ओळखण्याची माझी कसोटी दोन पायऱ्यांची आहे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे तिथे कॉलेजच्या खात्याचा वाराही नसतो, आणि फक्त खासगी खात्याने आत जायचे. मग महत्त्वाच्या फायली एकेक करून उघडायच्या आणि प्रत्येकीच्या माहितीच्या चौकटीत Owner समोर काय लिहिले आहे ते पाहायचे. तिथे me असेल तर फाईल आपली. दुसऱ्या कोणाचे नाव असेल तर ती अजून त्याच्या घरी आहे आणि आपल्याला खिडकीतून दिसते आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या फाईलच्या चिन्हावर छोटा बाण आहे तो तर नुसता शॉर्टकट. भाचीने तीस महत्त्वाच्या फायली तपासल्या. चारांवर दुसऱ्यांची नावे होती. त्या चारांत अंतिम अहवालाबरोबर जोडलेला चाचण्यांचा तक्ता होता, जो पुढे कोणी प्रकल्पाविषयी विचारले तर तिला लागलाच असता.

सगळे जागेवर आहे याची खात्री पटल्यावर लगेच झाडलोट करू नये. भाचीने आणखी तीन आठवडे जुने खाते तसेच ठेवले, आणि रोज वळवून येणाऱ्या पत्रांवर नजर ठेवली. त्या काळात विसरलेले आणखी एक ठिकाण सापडले. शिष्यवृत्तीच्या नोंदणीवर जुनाच पत्ता होता. वळवलेल्या पत्रामुळे कळले. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तिने जुन्या ड्राइव्हमधल्या आधार, पॅन आणि गुणपत्रिकांच्या प्रती शोधून काढून टाकल्या आणि Bin रिकामी केली. खाते स्थगित राहिले तर आतले सामान तसेच पडून राहते, आणि आपली ओळखपत्रे अशी बेवारस ठेवण्याचे कारण नाही. ब्राउझरमध्ये कॉलेजच्या खात्याखाली जपलेले परवलीचे शब्द तिने खासगी खात्यात नेले, आणि नेताना तयार झालेली फाईलही मिटवली, कारण त्या फाईलमध्ये सगळे शब्द उघडे दिसतात. शेवटी फोन आणि लॅपटॉपमधून खाते काढले आणि संगणक कक्षाला लिहून कळवले की माझे खाते काढून टाकायला हरकत नाही.

ज्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. निबंधावर छापलेला कॉलेजचा पत्ता आता बदलता येत नाही. पण ऑर्किडसारख्या संशोधकांच्या नोंदवहीत खासगी पत्ता जोडून ठेवला, तर शोधत आलेल्या माणसाला तुमच्यापर्यंत पोचता येते. आणि खासगी खाते म्हणजे अमरपट्टा नव्हे. दोन वर्षे ज्यात कोणी डोकावले नाही अशी खासगी खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून लागू केले आहे. म्हणून पदवीपत्र, गुणपत्रिका आणि प्रकल्प यांची एक प्रत घरच्या डिस्कवर असावी.

इतके सगळे विद्यार्थ्याने करायचे, मग संस्थेने काय करायचे? आतल्या माणसाला जे दिसते ते मी सांगतो. बहुतेक ठिकाणी खाती बंद करण्याची तारीख एका ई-मेलने कळवली जाते, आणि ती ई-मेल जाते कॉलेजच्याच खात्यावर. परीक्षा संपल्यावर ते खाते कोण उघडतो? म्हणजे घर पाडण्याची नोटीस त्याच घराच्या आत नेऊन ठेवायची आणि मालकाने वाचली नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा. तारीख कधी निकालाआधीची असते, कधी पुनर्मूल्यांकन चालू असताना येते. रुजू होण्याची पत्रे आलेली नसतात, तोवर दार बंद.

याला पैसे लागत नाहीत, थोडा विचार लागतो. कॉलेज सोडताना प्रत्येक विद्यार्थी ना-देय प्रमाणपत्राचा कागद घेऊन हिंडतो. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, जिमखान्याची, वसतिगृहाची. एका पुस्तकासाठी किंवा फुटलेल्या चंचुपात्रासाठी त्याला अडवले जाते. त्याच कागदावर संगणक कक्षाची एक ओळ असावी. खाते अमुक तारखेला स्थगित होईल, त्यानंतर अमुक तारखेला काढून टाकले जाईल, आणि विद्यार्थ्याचा खासगी पत्ता हा. स्थगिती निकालानंतर सहा महिन्यांनी व्हावी, आणि स्थगित झाल्यावरही काढून टाकण्याआधी आणखी तीन महिने जावेत. स्थगित खात्यात सामान शाबूत असते, त्यामुळे आलेल्या मुलाला 'नाही' म्हणण्याची वेळ आमच्यावर येणार नाही. जागा अडते म्हणाल, तर त्या सहा महिन्यांत मुलांना तासांच्या चित्रफिती काढून टाकायला सांगा. भाचीच्या ३८ जीबींपैकी अर्धी जागा त्यांनीच अडवली होती.

आमच्या कक्षातून असा प्रस्ताव मी प्राचार्यांकडे दिला आहे. तो मंजूर होईतो पालकांनी वाट पाहू नये. या वर्षी ज्यांच्या घरी कोणी पदवीधर झाले असेल, त्यांनी आज जेवणे झाल्यावर त्याला किंवा तिला एवढेच विचारावे, की नेमणुकीचे पत्र कोणत्या पत्त्यावर येणार आहे. उत्तरात कॉलेजचे नाव आले, तर दुपारची झोप थोडी पुढे ढकलावी.